डोंगरावरचा फोटो आणि घरी आलेला फोन



आज एका फोनविषयी बोलायचं आहे. आमच्या गटातल्या एका ताईला तो चैत्र यात्रेत आला. नाव मी सांगणार नाही, पण ही गोष्ट इथं सांगायला तिची परवानगी आहे. तीच म्हणाली, "सांग बाई, माझं गेलं ते गेलं, दुसरीचं तरी राहू दे."

तिचा मुलगा गावच्या सासनकाठीबरोबर जोतिबाला गेला होता. चैत्र पौर्णिमेला वाडी रत्नागिरीवर काय गर्दी असते ते तुम्हाला माहीत आहे. गुलालात माणूस ओळखत नाही आणि फोन लावला तर लागत नाही. दुपारी दोनच्या सुमारास ताईला अनोळखी नंबरवरून फोन आला. बोलणारा मराठीच होता. म्हणाला, "मावशी, तुमच्या पोराला केर्ली फाट्याजवळ अपघात झालाय. पांढरा सदरा, पिवळा फेटा आहे ना? त्याचा मित्र इथंच आहे, रडतोय. पोराचा फोन फुटला. डॉक्टर पैसे भरल्याशिवाय हात लावत नाहीत." मुलाचं नाव सांगितलं, मित्राचंही सांगितलं. मागून कुणीतरी "आई, आई" म्हणून कण्हत होतं.

ताईनं पुतणीच्या हातून नऊ हजार पाठवले. ते गटाच्या हप्त्याचे होते, दुसऱ्या दिवशी बँकेत भरायचे. पाच मिनिटांत पुन्हा फोन आला, आणखी पंधरा हजार पाहिजेत म्हणून. तेवढ्यात तिच्या जाऊबाईंनी फोन हातातून घेतला आणि विचारलं, "घरात त्याला काय म्हणतात, त्याला विचारून सांगा." पलीकडचा जरा थांबला, मग फेसबुकवरचंच नाव म्हणाला. घरातलं टोपणनाव वेगळं आहे. (ते मी रेडिओवर सांगणार नाही, नाहीतर तेही गेलं.) जाऊबाईंनी दुसऱ्यांदा विचारल्यावर फोन कट झाला. मुलगा संध्याकाळी सातला घरी आला, गुलालानं लाल होऊन, काही माहीत नसलेला.

नंतर आम्ही चौघीजणी बसलो आणि त्या माणसाचं एकेक वाक्य घेऊन बघितलं, की हे त्याला कळलं कुठून. ताई म्हणत होती, "मी कुणाला काय सांगितलंच नाही बघ." खरं होतं ते. तिनं एकटीनं काही सांगितलं नव्हतं, पण सगळ्यांनी मिळून सगळं सांगून ठेवलं होतं.

सकाळी दहाला मुलानं काठीबरोबरचा फोटो टाकला होता. तो कुणालाही दिसत होता. पांढरा सदरा आणि पिवळा फेटा तिथून आला. फोटोत मित्राला टॅग केलं होतं, म्हणून मित्राचं नाव. जागा म्हणून जोतिबा डोंगर टाकलं होतं, म्हणून केर्ली फाटा, कारण रत्नागिरी रस्त्यावरून डोंगराकडं तिथून वळता येतं. पूर्वी कधीतरी मातृदिनाला त्यानं आईचा फोटो टाकून तिला टॅग केलं होतं. त्यावरून आई कोण ते कळलं. आणि ताईच्या पानावर सांडगे-पापडाची जाहिरात होती, "ऑर्डरसाठी संपर्क" म्हणून खाली मोबाईल नंबर.

यातलं एकही गुपित नाही. नंबर दिला नाही तर पापड विकायचे कसे? पोरानं जत्रेत फोटो टाकू नये का? घात झाला तो या गोष्टी एका धाग्यात ओवता आल्या म्हणून. माणूस, त्याची आई, आईचा नंबर, आणि तो आत्ता घरी नाही ही खबर. शेवटची खबर सगळ्यात महाग. पोरगं घरात असतं तर फोन एका मिनिटात खोटा पडला असता. डोंगरावर फोन लागत नाही हेही त्या माणसाला पक्कं ठाऊक असणार.

म्हणून आम्ही दोऱ्यातल्या दोनच गाठी सोडवल्या. पहिली नंबराची. ऑर्डरचा नंबर आता ताईच्या स्वतःच्या पानावर नाही. गटाच्या नावाचं वेगळं पान केलं, त्यावर घरातल्या कुणाचा फोटो नाही, फक्त पापड. नंबरही गटासाठी घेतलेल्या वेगळ्या सिमचा आहे. आता तो नंबर कुणी उचलला, तरी त्यावरून मुलापर्यंत जाता येत नाही. एक मात्र लक्षात ठेवा, नंबर पैसे पाठवायच्या अॅपला जोडलेला असेल, तर तो तिथं टाकला की सहसा खातेदाराचं नाव दिसतं. 

दुसरी गाठ वेळेची. फोटो टाका, पण घरी परतल्यावर. गुलाल दुसऱ्या दिवशीही तेवढाच लाल दिसतो. लाइव्ह जायचं असेल तर जागेचं नाव टाकू नका.

फेसबुकवर आणखी एक काम करा, मुलाला किंवा पुतणीला शेजारी बसवून. आपल्या प्रोफाइलवर तीन टिंबं असतात, ती दाबली की Lock profile येतं. ते केलं की तुमचे फोटो आणि पोस्ट फक्त तुमच्या यादीतल्या लोकांना दिसतात. व्हॉट्सअॅपमध्ये Settings, मग Privacy, मग प्रोफाइल फोटोचा पर्याय, तिथं My contacts निवडा. म्हणजे अनोळखी नंबरला नातवंडाला मांडीवर घेतलेला फोटो दिसणार नाही.

पण कुलपावर फार विसंबू नका. तुम्ही कुलूप लावलं आणि भाच्यानं तोच फोटो उघडा टाकला, तर काय उपयोग? ओळख नसलेल्याची मैत्रीची विनंती घेतली तर तो कुलपाच्या आतच आला. आणि चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर सगळ्या घराण्याची नावं असतात, त्याचा फोटो कुणीतरी टाकतोच. म्हणून काही माहिती बाहेर जाणार, असंच धरून चाला. फोनवरच्याला आपल्या पोराचं नाव, कपडे, मित्र माहीत आहेत, यावरून तो खरा ठरत नाही.

खरा की खोटा हे कळायला दोन गोष्टी कामाला येतात. एक, जाऊबाईंनी विचारला तसा प्रश्न, ज्याचं उत्तर कुठल्याही पोस्टमध्ये नाही. टोपणनावानं पोस्टखाली कुणी हाक मारत असेल तर तेही बाद, मग दुसरं काही ठरवा, म्हशीचं नाव चालेल. दुसरी गोष्ट, फोन ठेवणं. "फोन ठेवू नका, पोरगं जाईल" असं तो म्हणतो, कारण तुम्ही दुसरा फोन लावू नये. ठेवा, आणि बरोबर गेलेल्या दोघा-तिघांना लावा. नुसत्या पोराला लावून भागत नाही. त्यासाठी कुणी यात्रेला निघाला की सोबत्यांचे नंबर कागदावर लिहून घ्यायचे.

पैसे गेलेच, तर लगेच 1930 ला फोन करायचा आणि बँकेलाही कळवायचं. पैसे समोरच्या खात्यात असेपर्यंत अडवता येतात, तिथून पुढं गेले की अवघड. पैसे गेल्याच्या पावतीवर बारा आकडी नंबर असतो, तो हाताशी ठेवा. ताईनं लाजेपोटी रात्र घालवली, सकाळी फोन केला. तक्रार घेतली गेली, पण पैसे तोवर त्या खात्यातून निघाले होते.

गटानं तिला नऊ हजार फेडायला सहा महिने दिले आहेत. तिच्या स्वयंपाकघरात आता चुलीवरच्या भिंतीला एक कागद आहे, पाच नंबरांचा. वरचा जाऊबाईंचा.