‘इत्यादी’ काढताना

आपल्या वसमतच्या हळदीला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं. तेव्हापासून माझ्यासारख्या वकिलाकडे शेतकरी उत्पादक कंपन्यांचे करार जास्त येऊ लागले. मसाल्याचा खरेदीदार येतो, सोबत छापील मसुदा आणतो, आणि त्यात एक कलम ठरलेलं असतं: गोपनीयतेचं. आज मी त्या कलमातल्या फक्त व्याख्येबद्दल बोलणार आहे. सह्या होऊन गेलेल्या करारातली ढिली व्याख्या नीट कशी करायची, आणि ती करताना दोन्ही पक्षांनी जे कबूल केलं ते एक सूतभरही कमी-जास्त होऊ द्यायचं नाही, हे कसं सांभाळायचं?

त्यासाठी एक नमुना घेतो. मजकूर मी स्वतः जुळवलेला आहे, पण असली वाक्यं माझ्या टेबलावर रोज येतात.

“गोपनीय माहिती म्हणजे एका पक्षाने दुसऱ्या पक्षास लेखी दिलेली किंवा तोंडी दिलेली व गोपनीय म्हणून नमूद केलेली, व ज्यात सभासदांच्या याद्या, भाव, बेणे, प्रक्रिया इत्यादींचा समावेश होतो अशी सर्व व्यापारी माहिती, सार्वजनिक माहिती सोडून.”

वाचताना कुठे अडखळल्यासारखं वाटत नाही, आणि म्हणूनच ते धोक्याचं आहे.

आधी ‘इत्यादी’ पाहू, कारण बहुतेकांचा हात पहिल्यांदा तिथेच जातो. ‘इत्यादी’ मोघम आहे, काढून टाका, असं सगळे म्हणतात. इथे तो काढता येतो, पण का काढता येतो ते समजून घ्या. या वाक्यात माहितीची हद्द ‘सर्व व्यापारी माहिती’ या शब्दांनी आखली आहे. याद्या, भाव, बेणे ही नुसती उदाहरणं आहेत, आणि ‘समावेश होतो’ या शब्दांनीच ती यादी उघडी राहते. म्हणजे ‘इत्यादी’ला इथे वेगळं काम उरलेलं नाही. पण समजा वाक्य असं असतं: “गोपनीय माहिती म्हणजे याद्या, भाव, बेणे, प्रक्रिया इत्यादी.” तिथे सगळा भार त्या एका शब्दावर आहे. तो काढला की यादी बंद होते आणि पाचवी कुठलीही गोष्ट बाहेर पडते. त्याऐवजी ‘व अन्य कोणतीही माहिती’ लिहिलं, तर गोदामाच्या किल्लीपर्यंत सगळं आत येतं. ‘म्हणजे’ आणि ‘समावेश होतो’ यांतला हा फरक सर्वोच्च न्यायालयाने कायद्यांतल्या व्याख्यांसाठी 1995 च्या पी. कासिलिंगम प्रकरणात स्पष्ट केला आहे: पहिला शब्द हद्द बांधतो, दुसरा ती मोकळी ठेवतो. करार लिहिताना तोच कान ठेवावा.

आता खरी गाठ. “लेखी दिलेली किंवा तोंडी दिलेली व गोपनीय म्हणून नमूद केलेली.” ही ‘व’ कुणाला बांधते? एक वाचन असं, की कागदावर दिलेलं सगळं गोपनीय, आणि तोंडी सांगितलेलं मात्र तसं बजावून सांगितलं तरच. दुसरं वाचन असं, की लेखी असो वा तोंडी, गोपनीय म्हटलेलं असलंच पाहिजे. उत्पादक कंपनीच्या व्यवस्थापकाने सभासदांची यादी शिक्का न मारता मोबाइलवर पाठवली, तर पहिल्या वाचनात ती राखायची आहे आणि दुसऱ्यात नाही. मसुदा सुधारणाऱ्याला यातलं बरं वाटेल ते निवडायचा अधिकार नाही.

मग कुठे पाहायचं? त्याच करारात. समजा सातवं कलम म्हणतं, “गोपनीय म्हणून नमूद न करता कागद दिला गेल्यास 15 दिवसांत कळवून तसे नमूद करता येईल.” पहिलं वाचन खरं असेल तर या कलमाला काही कामच उरत नाही, कारण कागद आपोआपच गोपनीय ठरतो. म्हणजे करारच दुसऱ्या वाचनाकडे बोट दाखवतो. असं कलम नसतं, तर मी व्याख्येला हात लावला नसता. प्रश्न लिहून दोन्ही पक्षांसमोर ठेवला असता.

नीट केलेलं वाक्य मग असं होतं:

“गोपनीय माहिती म्हणजे एका पक्षाने दुसऱ्या पक्षास दिलेली अशी सर्व व्यापारी माहिती, जी (क) लेखी किंवा तोंडी दिलेली आहे, आणि (ख) गोपनीय म्हणून नमूद केलेली आहे. व्यापारी माहितीत सभासदांच्या याद्या, भाव, बेणे व प्रक्रिया यांविषयीच्या माहितीचा समावेश होतो. सार्वजनिक माहिती गोपनीय माहिती नाही.”

यात मी काय केलं नाही, ते जास्त महत्त्वाचं आहे. ‘नमूद केलेली’च्या आधी ‘देताना’ घातलं नाही. तो शब्द फार सोयीचा वाटतो, पण सातव्या कलमातले 15 दिवस तो खाऊन टाकतो. ‘दिलेली’चं ‘मिळालेली’ केलं नाही. खरेदीदाराचा माणूस हळद शिजवायच्या जागी उभा राहिला, बॉयलरमधून माल किती वेळाने काढतात ते त्याने डोळ्यांनी पाहिलं. ही माहिती त्याला मिळाली, पण कुणी दिली का? जुन्या वाक्यात हा माणूस कलमाबाहेर उभा आहे. ‘मिळालेली’ लिहून मी त्याला गुपचूप आत घेतलं असतं. उत्पादक कंपनीचं त्यात भलं होतं हे मला दिसतं, आणि हात शिवशिवतोही, पण खरेदीदाराने त्याला सही दिलेली नाही.

‘सार्वजनिक’ला मी तसंच ठेवलं. छापील मसुद्यांत ‘घेणाऱ्याच्या चुकीशिवाय सार्वजनिक झालेली’ अशी भर असते. भर चांगली आहे, पण ती नवी कबुली आहे. इथे मानांकनाचा मुद्दाही येतो. मानांकनाचा अर्ज नोंदणी कार्यालयाच्या जर्नलमध्ये प्रसिद्ध होतो, त्यामुळे हळद शिजवून, वाळवून, पॉलिश करायची जी रीत त्यात छापली गेली, ती सार्वजनिक झाली. एखाद्या कंपनीने आपल्या बॉयलरसाठी बसवलेलं वेळेचं गणित मात्र त्यामुळे सार्वजनिक होत नाही.

काम झालं की मी पाच प्रसंग कागदावर घेतो आणि प्रत्येक आधी जुन्या वाक्याला, मग नव्याला लावून बघतो. ‘गोपनीय’ लिहिलेला भावाचा तक्ता: जुन्यात आत, नव्यात आत. ‘हे बाहेर सांगू नका, गोपनीय आहे’ असं म्हणून फोनवर सांगितलेलं बेण्याचं वाण: आत, आत. बाजार समितीत लिलावात पुकारलेला भाव: बाहेर, बाहेर. बॉयलरपाशी पाहिलेली वेळ: बाहेर, बाहेर. शिक्का नसलेली, मोबाइलवर गेलेली आणि 15 दिवस उलटलेली यादी: सातव्या कलमाच्या प्रकाशात बाहेर, नव्यात बाहेर. एक जरी उत्तर फिरलं, तरी मी शब्द नाही, सौदा बदलला आहे. प्रसंग मात्र सोपे निवडू नका. हद्दीवरचे निवडा. पहिल्या तिघांनी मला फारसं शिकवलं नाही. ‘देताना’ची चूक मला यादीच्याच, पण 15 दिवसांच्या आत कळवलेल्या प्रसंगाने दाखवली होती, एका जुन्या मसुद्यात, दस्त टाइप होऊन आल्यावर.

एवढी काटेकोरी कशासाठी? करार एकदा लेखी झाला की त्याच्या अटींविरुद्ध ‘आमचं तोंडी असं ठरलं होतं’ हे सांगायला कायदा सहसा जागा देत नाही. पूर्वी पुरावा कायद्याचं 92 वं कलम होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं 95 वं. दस्तात दोघांच्याही चुकीने भलतंच उतरलं असेल तर 1963 च्या विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या 26 व्या कलमाखाली दुरुस्ती मागता येते, पण खरा इरादा काय होता हे तिथे सिद्ध करावं लागतं. माझ्या सुधारणेने हद्द हलली, तर भांडण याच दारात जाणार.

म्हणून माझ्याकडून दोन कागद जातात. पहिल्यावर नीट केलेलं वाक्य, प्रत्येक बदलासमोर कारण. दुसऱ्यावर फक्त प्रश्न. या करारात ते दोन निघाले. डोळ्यांनी पाहिलेली माहिती आत घ्यायची का? घेणाऱ्यानेच फोडलेली माहिती सार्वजनिक मानायची का? यांची उत्तरं कंपनीचे संचालक आणि खरेदीदार समोरासमोर बसून देतात. होकार आला, तर करार कायद्याच्या 62 व्या कलमाप्रमाणे दोघांच्या संमतीने तो बदल म्हणूनच, पुरवणी करारात, नव्या तारखेने आणि नव्या सह्यांनी लिहिला जातो. नकार आला, तर दुसरा कागद मी फाइलमध्ये लावून ठेवतो, आणि व्याख्येत ‘दिलेली’ हा शब्द आहे तिथेच राहतो.