अहो, अरे आणि मधलं प्रेम
(वसंतातील व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



मराठी नवरा-बायको एकमेकांवरचं प्रेम कोणत्या शब्दांत बोलतात, हा आजचा विषय आहे. तो ऐकल्यावर समोरच्या रांगांतल्या काही मंडळींनी लगेच मागे वळून पाहिलं, ते मला दिसलं. घाबरू नका, कोणालाही उभं करून बोलायला लावणार नाही.

आधी एक गोष्ट पाहू. जुन्या पिढीच्या बोलण्यात प्रेमाचे शब्द शोधायला गेलं तर हाती फारसं लागत नाही, कारण तिथे प्रेम शब्दांत ठेवलेलंच नसे. ते क्रियापदाच्या शेपटात असायचं. 'अहो, ऐकलंत का?' यातल्या शेवटच्या 'त'च्या जागी 'स' घालून बघा. 'अहो, ऐकलंस का?' हे कानाला लगेच खटकतं. 'अहो' आलं की पुढचं सगळं वाक्य आदराच्या रुळावरून जातं. मग 'आज उशीर केलात', 'औषध घेतलंत ना?' अशी साधी चौकशीसुद्धा मायेची होते.

याच्याही मागची पिढी आणखी आडून बोलायची. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी 1890च्या दशकातली. तिच्यातली यमू नवऱ्याविषयी बोलते ती 'इकडे', 'तिकडे', 'स्वारी' अशा शब्दांत. त्या काळच्या घरांत 'इकडून येणं कधी झालं?' असं विचारलं जाई. या वाक्याची रचना नीट पाहा. यात नवरा कर्ता म्हणून येतच नाही. उरते ती एक दिशा, आणि एक 'येणं' जे आपोआप 'झालं'! ही केवळ लाज नव्हती. एकत्र कुटुंबात माजघरात सासू, ओटीवर सासरे, मध्ये दोन जावा. नवऱ्याशी बोललेलं प्रत्येक वाक्य चारचौघांच्या कानांवर पडणार. तेव्हा सर्वांनी ऐकलं तरी चालेल आणि ज्याला कळायचं त्यालाच कळेल, असं वाक्य बांधावं लागे.

पुरुषांचंही तसंच. बायकोला 'आमची मंडळी', 'कुटुंब', 'घरातून' असं म्हणायचं. एकटी बाई, पण तिच्यासाठी शब्द मात्र सगळ्या घराचा. गावाकडे नवऱ्यासाठी 'धनी', 'कारभारी', 'अवं'. आणि मुलं झाली की सगळ्यांना सोयीचा रस्ता म्हणजे 'बाळूचे बाबा', 'बाळूची आई'.

यात विषमता होती, ती झाकायचं कारण नाही. तो 'अगं' म्हणणार, ती 'अहो' म्हणणार. त्याचं नाव घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं, अशी तिला भीती घातलेली. आणि तिचं नाव तर लग्नाच्या दिवशी ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहून बदललेलं. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे' लिहिलं, त्याचा पहिला भाग 1934 साली आला. त्यात त्या नवऱ्याला सरळ 'टिळक' म्हणतात. त्यांच्या पिढीच्या बाईने एवढं मोकळं होणं काही साधं नव्हतं.

आता तरुणांकडे येऊ. त्यांचं पहिलं पाऊल म्हणजे 'अरे' आणि 'अगं' एका पातळीवर आले. दोघंही 'तू'. त्यामुळे क्रियापदाच्या शेपटात प्रेम ठेवण्याची जागाच गेली. 'जेवलास का?' हे ती नवऱ्याला विचारते, तसंच मित्रालाही, भावालाही. मग प्रेम कुठे ठेवायचं? हाक मारण्याच्या शब्दात. म्हणून 'पिल्लू', 'शोना', 'बच्चा', 'जानू' यांची गर्दी झाली. आणि मुख्य वाक्य आलं इंग्रजीतून: 'आय लव्ह यू', घाईत असलं तर नुसतं 'लव्ह यू', फोन ठेवताना 'मिस यू'. फोन दोघांचाच असतो, माजघर मध्ये नाही. पण फोनवर डोळे दिसत नाहीत, पाण्याचा तांब्या पुढे करता येत नाही. जे आहे ते उच्चारूनच सांगावं लागतं.

मग ते मराठीत का सांगत नाहीत? 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' हे वाक्य व्याकरणाने निर्दोष आहे, पण म्हणणाऱ्याला आपण नाटकात उभे आहोत असं वाटतं. घरात ते कोणी म्हणताना त्याने ऐकलेलंच नसतं. बोलीतलं प्रेम वेगळ्या वाटेने जातं: 'मला तू आवडतेस', 'तुझ्यावर जीव आहे माझा', 'तुझ्याशिवाय करमत नाही'. या तिन्ही वाक्यांत 'मी' हा कर्ता नाही. आवडणं, जीव असणं, करमणं हे माझ्या बाबतीत घडतं, मी ते करत नाही. म्हणून मराठी माणसाला ती वाक्यं जड जात नाहीत.

एक प्रसंग घेऊ. लग्नाला पन्नास वर्षं झाल्याचा समारंभ आहे. नात माइक आजोबांच्या हातात देते आणि म्हणते, "आजोबा, आजीला आय लव्ह यू म्हणा!" हशा पिकतो. आजोबा ते म्हणतातही. पण 'अहो'च्या संसारात ते वाक्य पाहुण्यासारखं येतं आणि टाळ्या संपायच्या आत निघून जातं. नातीने आजीच्या वतीने भेटकार्डावर लिहिलेलं 'तुम्ही माझं संपूर्ण जग आहात' हेही तसंच. आजीच्या तोंडी ते कधी आलं नसतं. मग काय बोलावं? आजोबांना उखाणा घ्यायला सांगा. समजा, ते म्हणाले:

सकाळच्या चहाला कप लागतात दोन,
मालतीशिवाय माझं ऐकून घेणार कोण?

रीतीला धरून झालं, नाव घेतलं गेलं, थट्टा झाली, आणि 'तू नसलीस तर माझं कठीण आहे' हेही सांगून झालं. त्यावर आजी म्हणाल्या, "काहीतरीच तुमचं!" तर समजावं की सांगितलेलं पोहोचलं. त्या काही न बोलता उठून पाहुण्यांच्या पानाकडे बघायला लागल्या, तर मात्र उखाणा फसला.

वडीलधाऱ्या जोडप्यासाठी काही लिहायचं असेल तर एक कसोटी लावून पाहा. हे वाक्य शेजारच्या खोलीत सासूबाई असताना म्हणता आलं असतं का? 'तुम्ही बाहेरगावी गेलात की घर खायला उठतं' हे आलं असतं. 'तुमच्या मिठीत मला स्वर्ग सापडतो' हे आलं नसतं. तरुणांसाठी कसोटी उलटी. मित्रांच्या गटात हे वाक्य कोणी वाचून दाखवलं तर लिहिणाऱ्याला लपावंसं वाटेल का? 'प्राणप्रिये'ला तो नक्की लपेल. 'तू नसलीस की बोअर होतं यार' याला नाही.

पण या दोन बोलींमध्ये भिंत आहे असं समजू नका. एकांतात 'अरे' म्हणणारी सून सासूसमोर 'हे म्हणाले', 'यांना विचारते' असं सहज बोलते. आणि गंमत म्हणजे आजच्या मुली 'अहो' टाकून न देता त्याचं नामच करून बसल्या आहेत: 'माझे अहो', 'अहोंनी चहा केला', 'अहोंना सांगते'. आजीसाठी जी हाक होती तिला विभक्ती लागल्या. त्यात थट्टा आहे, थोडं मिरवणं आहे, पण भीती नाही. चहा अहोंनी केलेला आहे, हेही लक्षात घ्या.

राहता राहिलं ते एवढंच. आडून बोलण्यात एक धोका असतो. ज्या घरात माया होती तिथे 'औषध घेतलंत ना?' पुरेसं होतं. जिथे नव्हती तिथेही तेच वाक्य वर्षानुवर्षं चाललं, आणि बाहेरच्याला फरक कळला नाही. 'लव्ह यू'चंही तेच होतं, रोज फोन ठेवताना म्हटलं की ते 'बरं, ठेवतो' एवढंच उरतं. म्हणून दोन्ही पिढ्यांना चालणारं एक वाक्य मी आज सुचवून थांबतो: 'तुझ्याशिवाय करमत नाही.' 'अहो'वाल्यांनी 'तुमच्याशिवाय' म्हणावं. ते सवयीने तोंडातून निघत नाही, कारण करमत नसेल तेव्हाच ते आठवतं.