चादर मोजून घ्या, टॉवेल तोलून घ्या



मागच्या दिवाळीला आम्ही तालुक्याच्या बाजारातून एक चादर आणली. तिच्या चिठ्ठीवर 'टी. सी. २८०' असे छापले होते. दुकानदार म्हणाला, "सूत दाट आहे, शंभर रुपये जास्त पडतील." आम्ही दिले. घरी वहिनींनी विचारले, "भावजी, हा आकडा कसला हो?" मग आम्ही तो मोजायलाच बसलो.

कापडात उभे धागे असतात, तो ताणा. आडवे धागे असतात, तो बाणा. एक इंच लांब आणि एक इंच रुंद कापडात दोन्ही मिळून जितके धागे, तितका टी. सी.

आम्ही पुठ्ठ्याला अर्धा इंच लांब, अर्धा इंच रुंद असे भोक पाडले. पुठ्ठा चादरीवर ठेवला आणि सुईच्या टोकाने एकेक धागा मोजला. उभे ४० भरले, आडवे ३०. अर्ध्या इंचात एवढे, म्हणजे पुऱ्या इंचात ८० आणि ६०. बेरीज १४०. मग चिठ्ठीवर २८० कसे?

वहिनींनी काठाचा एक धागा ओढून काढला. त्याचा पीळ उलटा फिरवला. धाग्याचे दोन पदर सुटे झाले! सूत दोन पदरी होते, आणि प्रत्येक धागा दोनदा मोजला होता. दोन पदरी सूत वाईट नसते, बळकटच असते. पण एका धाग्याचे पदर दोन असले, तरी तो मोजायचा एकच. आमचे शंभर रुपये त्या चिठ्ठीलाच गेले.

त्याच दुकानात साटिनची चकचकीत चादरही होती. साध्या विणीत धागा एकावरून जातो, पुढच्याखालून जातो. साटिनमध्ये तो चारांवरून जातो, मग एकाखालून. म्हणून कापड मऊ लागते. पण वर सुटा राहिलेला लांब धागा बांगडीत, खाटेच्या काथ्यात अडकतो. रोजच्या अंथरुणाला आम्ही साधी वीणच घेतो.

टॉवेलचे मात्र धागे मोजत नाहीत. त्यावर सुताचे बारीक फासे असतात, तेच पाणी टिपतात. फासे दाट आणि उंच, तसा टॉवेल जड. म्हणून टॉवेलवर 'जी. एस. एम.' लिहितात. एक मीटर लांब, एक मीटर रुंद टॉवेलचे वजन किती ग्रॅम, तो हा आकडा.

तो काट्यावर तपासता येतो. आमचा टॉवेल दीड मीटर लांब आणि ६० सेंटिमीटर रुंद होता. दीडला ०.६ ने गुणले, ०.९ चौरस मीटर आले. किराणा दुकानाच्या काट्यावर वजन भरले ३६० ग्रॅम. ३६० भागिले ०.९, म्हणजे ४००. चिठ्ठीवरही ४०० च होते. हा दुकानदार खरा निघाला!

तेवढ्याच मापाचा ६०० चा टॉवेल ५४० ग्रॅम भरतो. तो पाणी जास्त टिपतो खरा, पण श्रावणात दोन-दोन दिवस वाळत नाही आणि त्याला कुबट वास येतो. वहिनींनी दुसराही ४०० चाच आणायला सांगितला.