वसई कोणत्या दिवशी पडली? चार लेखांतून एक टिपण

(मनोरी येथील अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

मनोरीच्या या भूमीवर बसून वसईच्या मोहिमेविषयी बोलण्यास एक कारण आहे. मनोरी, गोराई, कुळवे, उत्तन ही गावे ज्या पट्ट्यावर वसली आहेत, तेच जुन्या कागदांतील धारावी बेट. मुंबईच्या मध्यभागी असलेली धारावी ती ही नव्हे, आणि घाईत लिहिणाऱ्यांची पहिली गफलत येथेच होते. बेटाच्या उत्तर टोकासमोर वसईच्या खाडीचे मुख आहे. हे टोक ज्याच्या हाती असेल, त्याला समुद्रावरून वसईकडे जाणारी रसद अडविता येते. म्हणूनच चिमाजी अप्पांच्या सैन्याने वसईवर अखेरचा घाव घालण्यापूर्वी काही आठवडे धारावी घेतली.

दर वर्षी मे महिना आला की वसई विजयावर लेख येतात. एखाद्या शाखेला किंवा वाचनालयाला भित्तिपत्रक काढायचे असते. एक कार्यकर्ता चार लेख समोर घेतो आणि दोन पानांचे टिपण करावयास बसतो. पहिल्याच ओळीला तो अडतो. एका लेखात वसई 5 मे 1739 रोजी पडली असे लिहिलेले असते, दुसऱ्यात 12 मे, तिसऱ्यात 16 मे आणि चौथ्यात 23 मे. या ठिकाणी बहुतेक जण दोहोंपैकी एक गोष्ट करतात. तिघांनी दिलेली किंवा अधिक प्रतिष्ठित लेखकाने दिलेली तारीख उचलतात, नाहीतर ‘मे 1739 मध्ये’ असे लिहून सुटका करून घेतात. पहिल्या मार्गात चुकण्याचा संभव आहे. दुसऱ्यात चूक नाही, परंतु मतभेद होता हेच वाचकाला कळत नाही.

या चार तारखा कागदावर ओळीने मांडून त्यांतील अंतर मोजावे. 5 आणि 16 यांत अकरा दिवस. 12 आणि 23 यांतही अकरा दिवस. एकच अंतर दोनदा निघते, तेव्हा त्यामागे काही नियम असला पाहिजे. तो नियम पंचांगाचा, म्हणजे युरोपीय पंचांगाचा आहे. पोर्तुगालने 1582 मध्ये सुधारलेली ग्रेगोरियन कालगणना स्वीकारली. इंग्लंडने ती 1752 पर्यंत स्वीकारली नाही. त्यामुळे 1739 मध्ये मुंबईचा इंग्रज ज्या दिवसाला 5 मे म्हणत होता, त्याच दिवसाला वसईचा पोर्तुगीज 16 मे म्हणत होता. खाडीच्या अलीकडे एक तारीख आणि पलीकडे दुसरी! इंग्रजी साधनांवर किंवा जुन्या गणनेवर विसंबून लिहिणाऱ्यांकडे 5 आणि 12 आले, पोर्तुगीज साधनांवरून लिहिणाऱ्यांकडे 16 आणि 23. म्हणजे चार तारखा नाहीतच, दिवस दोनच आहेत.

आता हे दोन दिवस कशाचे, हा प्रश्न उरतो. यांत मतभेद नसून दोन वेगळ्या घटना आहेत. शरणागतीचा करार झाला तो पहिला दिवस. पोर्तुगीज गडावरून बाहेर पडले आणि मराठ्यांनी वसई ताब्यात घेतली तो दुसरा. करारानुसार पोर्तुगीजांना चीजवस्तू आणि कुटुंबे घेऊन निघून जाण्यासाठी आठ दिवसांची मुदत दिली होती, असे ग्रँट डफने नोंदविले आहे. दोन दिवसांमधील अंतर त्या मुदतीत बसते. ‘वसई पडली’ या एका क्रियापदात एका लेखकाने करार पाहिला, दुसऱ्याने ताबा पाहिला. टिपणात ते क्रियापदच टाळावे आणि काय झाले ते स्पष्ट लिहावे.

एवढ्यावर समाधान मानू नये. अकरा दिवसांचा नियम लावला की सर्व जुळते, म्हणून तो प्रत्येक ठिकाणी लावण्याचा मोह होतो. तेव्हा पडताळा घ्यावा. आपल्याकडे त्यासाठी उत्तम साधन आहे, ते म्हणजे तिथी. चंद्र दोन्ही युरोपीय गणनांना सारखाच असतो. थोरल्या बाजीरावांचे उदाहरण घ्यावे. त्यांचा मृत्यू वैशाख शुद्ध त्रयोदशी, शके 1662 असा सांगितला जातो आणि बहुतेक पुस्तकांत 28 एप्रिल 1740 ही तारीख छापलेली असते. ग्रेगोरियन गणनेने 28 एप्रिल 1740 धरला तर त्या दिवशी शुद्ध द्वितीयेच्या आसपासची तिथी येते, त्रयोदशी नव्हे. अकरा दिवस मिळवून 9 मे केला की चंद्र त्रयोदशीच्या घरात येतो. म्हणजे पुस्तकांतील 28 एप्रिल ही जुन्या गणनेची तारीख आहे. वसईच्या बाबतीत ग्रेगोरियन 16 मे हा शुद्ध पक्षातील अष्टमी-नवमीच्या सुमाराचा दिवस, आणि 23 मे पौर्णिमेच्या लगतचा. तीच 5 मे ग्रेगोरियन समजली तर वद्य पक्ष येतो. मराठी पत्रात शुद्ध-वद्य आणि तिथी दिलेली असेल, तर कोणती युरोपीय तारीख तिच्याशी जुळते हे पाहून निवाडा करता येतो. हिशेब एक-दोन तिथींनी इकडे-तिकडे होऊ शकतो, कारण गणित सरासरी चांद्रमासाचे असते. अकरा दिवसांचा घोटाळा पकडण्यास मात्र तो पुरेसा आहे.

धारावीच्या बाबतीत आणखी एक खाच आहे. इंग्रजांचे कायदेशीर वर्ष 1752 पूर्वी 25 मार्चला सुरू होत असे. म्हणून 1739 च्या जानेवारी ते मार्चमधील घटना त्यांच्या कागदात 1738 या वर्षाखाली सापडू शकते. साष्टी आणि धारावी बेटावरील त्या महिन्यांच्या हालचालींविषयी लेखांत एका वर्षाचा फरक दिसला, तर लगेच कोणाला खोटे ठरवू नये. प्रथम महिना पाहावा.

वेढा किती काळ चालला, याविषयीही लेखांत ‘दोन वर्षे’ आणि ‘तीन महिने’ अशी दोन्ही विधाने आढळतात. येथे पंचांगाचा संबंध नाही. मोहीम 1737 च्या वसंतात साष्टीवर सुरू झाली, आणि वसईभोवतीचा अखेरचा, चिमाजी अप्पांच्या प्रत्यक्ष देखरेखीखालचा वेढा 1739 च्या फेब्रुवारीपासून होता. एक लेखक मोहीम मोजतो, दुसरा वेढा.

किल्लेदाराचीही तीच कथा आहे. एक लेख म्हणतो, पोर्तुगीज सेनापती लढताना पडला, दुसरा म्हणतो, सेनापतीने शरणागती लिहून दिली. मारला गेला तो सिल्व्हेरा द मेनेझेस, करार केला तो त्याच्या जागी आलेला सोझा परेरा. घाईने टिपण करणारा दोन्ही वाक्ये जोडतो आणि मेलेल्या माणसाकडून करार लिहवून घेतो.

खरा, न मिटणारा मतभेद हानीच्या आकड्यांत आहे. ग्रँट डफने मराठ्यांकडील हानी पाच हजारांवर आणि पोर्तुगीजांकडील आठशे दिली आहे. अलीकडच्या लेखांतून मराठ्यांचे आकडे बारा हजारांपर्यंत चढलेले दिसतात. येथे सरासरी काढणे हा सर्वांत वाईट उपाय. पाच आणि बारा यांची सरासरी साडेआठ हजार, आणि तो आकडा एकाही साधनात नाही. टिपण करणाऱ्याने प्रत्येक आकड्याला तीन प्रश्न विचारावेत. डफचे आठशे हे ठार आणि जखमी मिळून आहेत, पुढच्या लेखकाने त्यातून ‘जखमी’ हा शब्द गाळला आहे काय? आकडा संपूर्ण मोहिमेचा की शेवटच्या सुरुंग-हल्ल्यांचा? आणि तो कोणाच्या बाजूचा माणूस सांगतो आहे? हरलेल्याला शत्रूची हानी मोठी सांगावीशी वाटते, आणि जिंकलेल्यालाही स्वतःच्या बलिदानाचा आकडा वाढविण्याचा मोह होतो. आपल्या वीरांच्या बाबतीत हा मोह अधिक असतो, हे येथे मान्य केलेले बरे. उत्तर मिळाले नाही तर दोन्ही आकडे त्यांच्या मालकांच्या नावानिशी लिहावेत.

मालकाचे नाव शोधताना बऱ्याचदा एक चमत्कार होतो. चार लेख चार साक्षीदार वाटतात, आणि तिघांची मुळे एकाच पुस्तकात निघतात. ओळखण्याची खूण साधी आहे. परक्या नावाचे एकच चमत्कारिक स्पेलिंग किंवा एकच चूक तिन्ही लेखांत असेल, तर ती उतरवून घेतलेली असते. असे तीन लेख टिपणात एकच मत म्हणून मोजावेत. 1937 मध्ये प्रसिद्ध झालेले य. न. केळकरांचे ‘वसईची मोहीम’ हे पुस्तक अनेकांच्या मुळाशी असू शकते, आणि ते वाईट नाही. केळकरांनी मूळ कागद पाहिले होते. तरीही केळकरांच्या तीन प्रतिध्वनींनी केळकरांचे मत तिप्पट होत नाही. पोर्तुगीज बाजूसाठी पांडुरंग पिसुर्लेकरांनी गोव्याच्या दप्तरातून काढलेले कागद हा मात्र खरोखर वेगळा साक्षीदार आहे.

अशा रीतीने पाहिल्यावर दोन पानांच्या टिपणातील मुख्य परिच्छेद पुढीलप्रमाणे होतो:

‘1737 मध्ये साष्टीवर सुरू झालेल्या मोहिमेचा शेवट वसईच्या वेढ्याने झाला. हा वेढा फेब्रुवारी 1739 पासून चालला. धारावी बेट त्यापूर्वी शेवटच्या टप्प्यात मराठ्यांच्या हाती आले होते. शरणागतीचा करार 16 मे 1739 रोजी झाला, जुन्या इंग्रजी गणनेने 5 मे. मुदत संपल्यावर 23 मे रोजी, जुन्या गणनेने 12 मे, मराठ्यांनी वसई ताब्यात घेतली. मराठ्यांच्या हानीविषयी एकमत नाही: ग्रँट डफ पाच हजारांहून अधिक सांगतो, नंतरच्या काही लेखांत आकडा बारा हजारांपर्यंत आहे, त्याचा आधार त्या लेखांत दिलेला नाही.’

यात चिमाजी अप्पांचे ते प्रसिद्ध उद्गार नाहीत, हे चाणाक्ष वाचकाच्या लक्षात येईल. वसई मिळत नसेल तर आपले मस्तक तरी तोफेने गडात टाकावे, या अर्थाचे वाक्य प्रत्येक लेखात आहे, आणि प्रत्येकात त्याचे शब्द वेगळे आहेत. शब्द वेगळे असतील तर अवतरणचिन्हे घालता येत नाहीत. ही आख्यायिका म्हणून स्वतंत्र ओळीत द्यावी, ‘असे सांगितले जाते’ या शब्दांसह, आणि कोणत्या लेखात ती कशी आहे हे कंसात नोंदवावे. वसईच्या घंटांचेही तसेच. मेणवली, भीमाशंकर आदी ठिकाणच्या घंटा पोर्तुगीज चर्चच्या आहेत हे त्यांच्यावरील खुणांवरून कळते, पण घंटेवर कोरलेले वर्ष ओतकामाचे असते, लढाईचे नव्हे. आणि ती वसईच्या कोणत्या चर्चमधून आली, हे घंटा स्वतः सांगत नाही. त्या प्रत्येक ठिकाणी जाऊन अक्षरे वाचून येणे मनोरीच्या कार्यकर्त्यांना अशक्य नाही. टिपणाच्या दुसऱ्या पानावर त्यासाठी जागा मोकळी ठेवता येईल.