पूल एक, अंतर तेरा किलोमीटर

छत्रीधारी सैनिक शत्रूच्या पिछाडीला उतरतात, मोक्याची जागा ताब्यात घेतात आणि जमिनीवरून येणारं सैन्य पोहोचेपर्यंत ती टिकवतात. त्यांच्याकडे जड तोफा किंवा रणगाडे नसतात, म्हणून सगळी भिस्त अचानकपणावर असते.

सप्टेंबर 1944 मध्ये हॉलंडमधल्या आर्नेमला नेमका तो अचानकपणाच हरपला. विमानभेदी तोफांच्या धास्तीने ब्रिटिश सैनिकांना ऱ्हाईनवरचा जो पूल ताब्यात घ्यायचा होता, त्यापासून दहा-तेरा किलोमीटर दूर उतरवलं. विमानं अपुरी, त्यामुळे तुकड्या एकदम न येता दिवसामागून दिवस येत राहिल्या. वायरलेसही नीट चालेनात. जवळच जर्मन रणगाडा दलं होती. पुलाच्या उत्तर टोकाशी जेमतेम एक बटालियन पोहोचली. ती चौथ्या दिवसापर्यंत झुंजली, पण मदत पोहोचलीच नाही. सुमारे दहा हजारांपैकी जेमतेम चोवीसशे जण ऱ्हाईन ओलांडून परतले.