अब्बांच्या गुडघ्याची गोळी

माझ्या अब्बांच्या हृदयात कृत्रिम झडप आहे. रक्त पातळ ठेवायला ते वॉरफरिन घेतात. गुडघा दुखला म्हणून मी दुकानातून डायक्लोफेनॅक आणली. चौथ्या दिवशी शौच डांबरासारखं काळं झालं. पोटात रक्तस्राव होता, पण आयएनआर नेहमीएवढाच! ही गोळी जठराचं अस्तर दुबळं करते, प्लेटलेट्सना एकमेकींना चिकटू देत नाही. आयएनआरमध्ये ते दिसत नाही. आयबुप्रोफेनही तशीच. आता डॉक्टरांनी पॅरासिटामॉल दिली आहे. पण ५०० मिलिग्रॅमच्या रोज चार गोळ्या काही दिवस चालल्या, तर आयएनआर वाढू शकतो. म्हणून तपासणी लवकर करतो. काळं शौच दिसलं, तर थेट रुग्णालय गाठा. वॉरफरिन स्वतःहून बंद करू नका. झडपेवर गुठळी होऊ शकते.