आकडा मोठा की कामाचा?

लोणंद आणि आसपासच्या गावांतले बरेच बचत गट आता आपला माल इन्स्टाग्रामवर दाखवतात. कुणी कांदा-लसूण मसाला, कुणी पापड-कुरडया, कुणी गोधड्या. दिवसभराची कामं उरकून संध्याकाळी फोटो काढायचे, चार ओळी लिहायच्या, यात तासभर सहज जातो. हा तास कशावर घालवायचा, ते मोबाईलमधल्या आकड्यांवरून कसं ठरवायचं, हे आज बघू.

हे आकडे दिसायला गटाचं खातं ‘प्रोफेशनल’ करावं लागतं. सेटिंगमध्ये ती सोय आहे, पैसे पडत नाहीत. खातं बदलल्यानंतर टाकलेल्या पोस्टचेच आकडे मिळतात, जुन्यांचे मिळत नाहीत. म्हणून हे काम आधी करून घ्या. मग आपली पोस्ट उघडली की खाली View insights असं दिसेल. ते दाबलं की आकड्यांची यादी उघडते. त्यातले तीनच आकडे आपल्याला हवेत.

ते समजायला आठवडे बाजार डोळ्यांपुढे आणा. तुम्ही मसाल्याच्या पिशव्या मांडून बसलाय. समोरून किती माणसं गेली, ती झाली पोहोच. मोबाईलवर ती Accounts reached या नावाने दिसते. एकाच बाईने तुमचा व्हिडिओ तीनदा बघितला तरी पोहोचीत ती एकदाच धरतात. Views मध्ये मात्र ते तीन होतात. म्हणून या दोन आकड्यांची गल्लत करू नका.

दुसरा आकडा Saves. फोटोच्या खाली उजव्या कोपऱ्यात खुणेची पट्टी असते. ती दाबली की पोस्ट त्या बाईच्या खात्यात जपून राहते. बाजारात एखादी म्हणते ना, “दुकान ध्यानात ठेवते गं, परत येते,” तसंच हे. कुणी जपून ठेवलं त्यांची नावं आपल्याला दिसत नाहीत, फक्त संख्या दिसते.

तिसरा External link taps, म्हणजे लिंक किती वेळा दाबली. इन्स्टाग्रामवर फोटोखालच्या मजकुरात लिंक लिहिली तर ती दाबता येत नाही. म्हणून ती आपल्या पानाच्या वरच्या भागात, माहितीत टाकायची. गटाच्या व्हॉट्सॲपची लिंक सोपी असते: https://wa.me/ आणि पुढे 91 लावून गटाचा मोबाईल नंबर, मध्ये जागा न सोडता. ती दाबली की थेट आपल्याशी बोलणं सुरू होतं. बाजारातल्या भाषेत, ही बाई थांबली आणि तिने भाव विचारला.

आता एक हिशेब करून बघू. समजा, मसाला करणाऱ्या एका गटाने तीन पोस्ट टाकल्या. आकडे मी समजण्यापुरते घेतलेत. पहिली पोस्ट, माउलींची पालखी लोणंदला मुक्कामी आली त्याचा व्हिडिओ. पोहोच 9000, सेव्ह 18, लिंक 3 वेळा दाबली. दुसरी, चार माणसांच्या आमटीला मसाला किती, कांदा-खोबरं किती, हे मापाने सांगणारा व्हिडिओ. पोहोच 1200, सेव्ह 60, लिंक 6. तिसरी, पाव किलो आणि अर्ध्या किलोच्या पिशव्यांचा फोटो, सोबत भाव आणि पार्सलचा खर्च. पोहोच फक्त 400, सेव्ह 4, लिंक 16.

नुसती पोहोच बघितली तर वाटेल, पालखीसारखेच व्हिडिओ टाकत राहावेत. पण शेकडा काढा. सेव्हला 100 ने गुणायचं आणि पोहोचीने भागायचं. आमटीच्या व्हिडिओत बघणाऱ्या शंभरातल्या पाच जणींनी तो जपून ठेवला. पालखीच्या व्हिडिओत हजार जणांमागे दोघांनी. लिंकचाही शेकडा तसाच काढा. भावाच्या फोटोवर शंभरामागे चार वेळा लिंक दाबली गेली, आमटीवर शंभरामागे एकदासुद्धा नाही. पालखी बघणारे माउलींसाठी थांबले होते, मसाल्यासाठी नव्हे.

यातून दोन गोष्टी कळतात. कृती आणि माप सांगणारी पोस्ट बायका जपून ठेवतात, कारण ती स्वयंपाकाच्या वेळी लागते. भाव सांगणारी पोस्ट थोड्यांपर्यंत जाते, पण त्या थोड्यांना विकत घ्यायचं असतं. म्हणून या गटाने आठवड्यात दोन कृती वाढवाव्यात. एकदा आमटी, एकदा भरलं वांगं, एकदा मसाला वर्षभर टिकावा म्हणून बरणी कशी भरायची ते. आणि प्रत्येक कृतीच्या शेवटी दोन वाक्यं जोडावीत: मसाल्याचा भाव इतका, लिंक पानाच्या वर आहे. भावाची वेगळी पोस्ट आठवड्यातून एक पुरे. पालखीचा व्हिडिओ जरूर टाका, तो आपल्या गावाचा आनंद आहे. पण त्याच्या पोहोचीवरून मसाला किती कुटायचा, ते ठरवू नका.

हा बदल केला की महिनाभर दुसरा कुठलाही बदल करू नका. शेवटची दोन वाक्यं जोडल्यावर कृतीच्या व्हिडिओवरचा लिंकचा शेकडा वाढला, तर ती उपयोगी पडली. तसाच राहिला, तर ती वाक्यं शेवटाऐवजी सुरुवातीला घेऊन पुन्हा महिनाभर बघा.

आता आकडे कुठे फसवतात ते सांगते. एक, पोस्टचं वय. काल टाकलेली पोस्ट आणि महिन्यापूर्वीची पोस्ट यांची तुलना होत नाही, कारण व्हिडिओची पोहोच कित्येक दिवस वाढत राहते. प्रत्येक पोस्टचे आकडे तिच्या सातव्या दिवशीच वहीत उतरवा. दोन, लहान आकडे. पोस्ट वीस जणींपर्यंत गेली आणि दोघींनी सेव्ह केली, तर शेकडा दहा येतो. पण त्या दोघी आपल्याच गटातल्या असू शकतात. एका प्रकारच्या चार-पाच पोस्ट झाल्याशिवाय निर्णय घेऊ नका, आणि आपल्या पोस्टची लिंक आपणच दाबू नका. तीन, व्हिडिओची तुलना व्हिडिओशी आणि फोटोची फोटोशी करा. व्हिडिओ अनोळखी लोकांपर्यंत जास्त जातो, त्यामुळे त्याची पोहोच मुळातच मोठी असते. आपल्या उदाहरणातला भावाचा फोटो आमटीच्या व्हिडिओशी ताडला, तो दोन्हींचं काम वेगळं आहे हे दाखवायला. पुढे मात्र कृतीचे व्हिडिओ आपसांत ताडून बघा.

पैसे भरून पोस्ट पुढे ढकलायची सोयही तिथे असते. त्यात पोहोच विकत मिळते, गिऱ्हाईक मिळेलच असं नाही. पैसे घालायचेच असतील, तर ज्या पोस्टचा लिंकचा शेकडा आधीच चांगला आहे तिच्यावर घाला. आणि घालण्याआधी तिचे आकडे लिहून ठेवा, म्हणजे पैशाने काय वाढलं ते कळेल.

शेवटचा आकडा मोबाईल सांगत नाही, तो आपल्या वहीत असतो. लिंक दाबणारी प्रत्येक बाई घेतेच असं नाही. म्हणून ऑर्डर घेताना विचारा, “ताई, आमचं कुठं बघितलंत?” वहीत सहा रकाने आखा: तारीख, पोस्ट कशाची, पोहोच, सेव्ह, लिंक, ऑर्डरी. लिंक खूप दाबली जाते पण ऑर्डर येत नाही, असं दिसलं तर पोस्ट बदलून उपयोग नाही. तिथे भाव, पार्सलचा खर्च किंवा आपण उशिरा दिलेलं उत्तर तपासायला हवं.

या आठवड्यात गटाच्या बैठकीत वही आखा आणि गेल्या महिन्यातल्या पाच पोस्टचे आकडे एकत्र बसून उतरवा. शेकडा काढायला कुणाच्या तरी शाळेत जाणाऱ्या मुलीला बसवा.